गॅरोटिंगची धास्ती
३. ‘गॅरोट’ हे मुळात गळा आवळून देहदंड देण्याचे स्पॅनिश साधन. त्यावरून, एकाने वाटसरूचा गळा पाठीमागून आवळायचा आणि साथीदाराने त्याचे खिसे रिकामे करायचे, अशा लुटीला लंडनमध्ये ‘गॅरोटिंग’ म्हणत. येथील उल्लेख १८६२ सालच्या हिवाळ्याचा आहे. त्या वर्षी १७ जुलैला जेम्स पिल्किंग्टन हे खासदार पॉल मॉल या प्रतिष्ठित वस्तीतील रस्त्यावर असे लुटले गेले (लुटला गेलेला माणूस एखादा हमाल असता, तर बहुधा एवढा गाजावाजा झाला नसता), आणि वृत्तपत्रांनी मुदतीआधी परवान्यावर सुटलेल्या कैद्यांवर ठपका ठेवून दहशतीचे चित्र उभे केले. पुढे पोलिसांनी गस्त वाढवली व किरकोळ झटापटींचीही नोंद याच सदरात होऊ लागली, त्यामुळे आकडे फुगले आणि ते आकडेच भीतीचा पुरावा ठरले; म्हणजे नोंदींतील मोठी वाढ ही ओरड सुरू झाल्यानंतरची आहे, हे इतिहासकार जेनिफर डेव्हिस यांनी दाखवले आहे. अशा लुटारूंना फटक्यांची शिक्षा देणारा कायदा जुलै १८६३मध्ये झाला, तोवर ही धास्ती ओसरलेली होती. — संपादक