उष्णतेच्या जमाखर्चाची कुळकथा

पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सभासद रेओम्यूर यांनी १७३५ सालच्या हवामानाची जी निरीक्षणे अकादमीपुढे मांडली, त्यांत एक साधी बेरीज होती. आदल्या वर्षीचा वसंत उबदार गेला होता, या वर्षीचा थंड गेला आणि कापणीही लांबली; तेव्हा एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांतील प्रत्येक दिवसाच्या तापमानाचे मध्यमान घेऊन त्यांनी दोन्ही वर्षांच्या बेरजा शेजारी शेजारी मांडल्या, आणि पिकास पक्वतेसाठी ठरावीक दिवस लागतात की ठरावीक उष्णता, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या हवाली केला.

परंतु या हिशेबात एक कसर होती. रेओम्यूर यांच्या तापमापकावरील शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, आणि पाण्याच्या शून्याशी गव्हाला किंवा वाटाण्याला काय कर्तव्य असणार? सेल्सिअसच्या भाषेत बोलायचे तर ५ अंशांचे २० दिवस आणि २० अंशांचे ५ दिवस या बेरजेत सारखेच, म्हणजे १००, भरतात. प्रत्यक्षात मात्र पहिल्या प्रसंगी कित्येक पिके जवळपास थिजून उभी राहतात आणि दुसऱ्या प्रसंगी झपाट्याने वाढतात. प्रत्येक वनस्पतीची स्वतःची एक खालची मर्यादा असते व तिच्याखालील ऊब हिशेबात धरू नये, हे १८५५ साली आल्फाँस द कांदोल यांनी आपल्या वनस्पति-भूगोलाच्या ग्रंथात आग्रहाने मांडले. माझ्या मते या विद्येचा खरा जन्म त्या बेरजेत नसून या वजाबाकीत आहे.

ही मर्यादा, म्हणजे पायाभूत तापमान, तापमापकावर लिहिलेली नसते. ती शोधावी लागते. एकाच जातीचे बी निरनिराळ्या तारखांना पेरावयाचे, प्रत्येक पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंतच्या मुदतीचे तापमान नोंदावयाचे, आणि कोणती संख्या वजा केली असता सर्व पेरण्यांच्या बेरजा एकमेकींच्या सर्वांत निकट येतात ते पाहावयाचे. वाटाण्यासाठी अशी संख्या फॅरनहाइटचे ४० अंश धरली जाते, मक्यासाठी ५०.

या हिशेबाला व्यवहारात मोल आणले ते अमेरिकेतील डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यांनी. वाटाणा कोवळा असण्याची वेळ मोठी अल्पजीवी. दोन दिवस उशीर झाला की दाण्यातील साखरेचे पिष्ट होऊन तो कठीण होतो, आणि सर्व शेते एकदम तयार झाली तर कारखान्यापुढे माल नासत पडतो. तेव्हा पेरणीच अशा अंतराने करावयाची की कापणी दिवसागणिक पुढे सरकावी. जूनमध्ये दिवसाचे उच्चतम तापमान ७८ व नीचतम ५४ असेल तर मध्यमान ६६, त्यातून ४० वजा जाता २६ अंश-दिवस जमा होतात. पेरणीच्या वेळी मात्र मध्यमान ४५ असते, म्हणजे रोजची जमा अवघी ५. कापणीत एका दिवसाचे अंतर हवे असेल तर दोन पेरण्यांमध्येही २६ची जमा पडली पाहिजे. अर्थात पहिले शेत पेरल्यावर दुसऱ्यासाठी पाच दिवस थांबावयाचे. कॅलेंडर पाहून रोज एक शेत पेरणारा व्यवस्थापक जूनमध्ये पाच शेतांचा माल एकाच दिवशी दारात आलेला पाहत असे.

मात्र मध्यमान काढण्याची ही सोय फसवीही ठरते. एखाद्या दिवशी उच्चतम ५६ आणि रात्री ३० असेल तर मध्यमान ४३ येऊन जमा फक्त ३ होते. पण रोप रात्री थांबले असले तरी मागे काही गेलेले नाही, म्हणून ३० ऐवजी ४० धरले तर मध्यमान ४८ व जमा ८ होते. थंड वसंतात असे आठवडे गेले की दोन पद्धतींच्या खतावण्यांत मोठी तफावत पडते, आणि एका पद्धतीने काढलेला आकडा दुसऱ्या पद्धतीने मोजणाऱ्याने वापरला तर भाकीत हटकून चुकते. वरच्या टोकालाही मक्याच्या हिशेबात अशीच मर्यादा घालतात. ९८ आणि ७० अशा दिवशी ९८ च्या जागी ८६ लिहावयाचे, कारण त्यापलीकडच्या उष्णतेने मका अधिक वेगाने वाढत नाही. जमा ३४ ऐवजी २८ पडते.

आणि काही पिके या खात्याला जुमानतच नाहीत. आपल्याकडील रब्बी ज्वारीच्या जुन्या उंच जाती दिवस लहान होण्याची वाट पाहतात; त्या जूनमध्ये पेरल्या तर लागेल तितकी उष्णता जमा होऊनही पोटरीत येत नाहीत, नुसत्या उंच वाढत राहतात. तेथे तापमापकाच्या नोंदींबरोबर सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टकही उघडून बसावे लागते.