स्वमग्नता आणि लैंगिक विविधता: न सांगितलेल्या नियमांचा प्रश्न

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या व्यक्तींना प्रेम, आकर्षण किंवा लैंगिक इच्छा नसते, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. या समजाला ‘स्वमग्न’ या मराठी शब्दानेही काही प्रमाणात हातभार लावला आहे. स्वतःतच बुडालेल्या माणसाला दुसऱ्याची ओढ कशी असेल, असे तो शब्द ऐकणाऱ्याला सहज वाटते. गेल्या दशकातील संशोधनाने मात्र वेगळेच चित्र पुढे आणले आहे. बहुतेक स्वमग्न प्रौढांना जवळीक हवी असते. त्यांच्यात समलिंगी, स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणारे, अलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींचे प्रमाणही इतरांपेक्षा अधिक आढळते.

केंब्रिज विद्यापीठातील वरुण वॉरियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली 6 लाख 41 हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्यांच्यात स्वमग्नतेचे निदान झालेले असण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत तीन ते सहा पट असल्याचे त्यात दिसले. त्याच विद्यापीठाच्या 2021 मधील दुसऱ्या एका पाहणीत सुमारे 1200 स्वमग्न व्यक्ती होत्या. तिच्यात स्वमग्न पुरुषांनी स्वतःला उभयलैंगिक आणि स्वमग्न स्त्रियांनी स्वतःला समलिंगी म्हणण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले.

ही आकडेवारी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय तिचा मोठा भाग स्वतःहून प्रश्नावली भरणाऱ्यांचा आहे. अशा पाहणीकडे तो विषय ज्यांना जवळचा वाटतो तेच अधिक वळतात, त्यामुळे नेमके प्रमाण किती याबाबत सावधगिरी हवी. संबंध आहे, याविषयी मात्र वेगवेगळे अभ्यास एकमुखाने बोलतात. त्याचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. समाजाची अपेक्षा काय आहे याचे दडपण स्वमग्न व्यक्तीवर कमी असते, म्हणून ती आपल्याला जे वाटते ते अधिक सरळपणे सांगते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे असले तरी पुरेसे वाटत नाही.

मी जातो की मी जाते?

इंग्रजीत लिंगभावाचा प्रश्न दुसऱ्याने आपल्याविषयी बोलताना उद्भवतो. मराठी आणि हिंदीत तो स्वतःविषयी बोलतानाच येतो. ‘मी जातो’ म्हणायचे की ‘मी जाते’, याचा निर्णय मुलाला जवळजवळ प्रत्येक वाक्यात करावा लागतो. त्यामुळे मराठी घरात लिंगभावाची पहिली चाहूल अनेकदा क्रियापदातून लागते, आणि स्वमग्न मुलाच्या बाबतीत नेमकी इथेच गफलत होऊ शकते.

अनेक स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत उच्चारतात. पाणी हवे असताना ‘तुला पाणी पाहिजे?’ असे म्हणतात, कारण पाणी मिळण्यापूर्वी ते वाक्य त्यांनी ऐकलेले असते. आई रोज ‘मी येते हं’ म्हणत असेल, तर मुलगाही निघताना ‘मी येते’ म्हणू शकतो. हा केवळ प्रतिध्वनी असतो. तो ठरावीक वाक्यांपुरता राहतो, आणि दुरुस्त केल्यास मुलाला त्याचे विशेष काही वाटत नाही. याउलट एखादे मूल स्वतः नव्याने रचलेल्या वाक्यांतही सातत्याने तेच रूप वापरत असेल, महिनोन्‌महिने वापरत असेल आणि दुरुस्ती केल्यावर दुखावले जात असेल किंवा बोलणेच थांबवत असेल, तर तो प्रतिध्वनी मानून सोडून देणे योग्य नाही.

कपड्यांच्या बाबतीतही असाच भेद करावा लागतो. मुलगी म्हणून वाढवलेल्या एखाद्या स्वमग्न व्यक्तीला बांगड्या, जरीचा काठ, घट्ट ब्लाउज नकोसे वाटतात. हा स्पर्शाचा त्रास आहे की लिंगभावाचा? मऊ सुती कापडाचा, आतली शिवण न टोचणारा पंजाबी पोशाख दिल्यावर अडचण संपली, तर प्रश्न कापडाचा होता. पोशाख सुखाचा असूनही आरशात पाहणे टाळले जाते, ‘ताई’ अशी हाक ऐकून अंग आखडते, पौगंडावस्थेतील शारीरिक बदलांनी तीव्र घृणा वाटते, तर कारण वेगळे असण्याचा संभव आहे. अनेकदा दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट पट्टा हवासा वाटतो आणि त्याचा दाब मात्र तासभरही सोसवत नाही, अशी ओढाताण पारलिंगी स्वमग्न तरुणांच्या वाट्याला येते.

कांदेपोह्यांचे नियम आणि मोबाइलवरचे नियम

ठरवून होणाऱ्या लग्नात एक सोय असते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे नियम ठाऊक असतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कोणी कुठे बसायचे, काय विचारायचे, किती वेळाने उठायचे आणि होकार-नकार कोणामार्फत कळवायचा, हे सारे ठरलेले असते. इशारे ओळखणे ज्याला जड जाते, त्याला हा साचा आधार देतो. समलिंगी व्यक्तीला असा साचा उपलब्ध नाही. तिच्यासमोर असतो तो मोबाइलवरील ओळखीचा मार्ग, आणि त्याचे नियम कोणीही लिहून ठेवलेले नसतात.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रिछाई ही जबलपूरची औद्योगिक वसाहत. तेथील एका कारखान्याच्या भांडार विभागात काम करणारा 26 वर्षांचा एक मराठी तरुण समलिंगी आहे. स्वमग्नतेचे निदान त्याला दोन वर्षांपूर्वी झाले. नोंदी ठेवण्यात तो चोख आहे, पण यंत्रांच्या आवाजाने पाळी संपेपर्यंत त्याची सहनशक्ती संपलेली असते. मोबाइलवर ओळख झालेला एकजण त्याला विचारतो, ‘प्लेस?’ हा तरुण आपण कोठे राहतो ते प्रामाणिकपणे कळवतो, गल्ली आणि घराच्या खुणेसह. विचारणाऱ्याचा प्रश्न वेगळाच होता. तुझ्याकडे एकांताची जागा आहे का, असे त्याला म्हणायचे होते, आणि त्यात शरीरसंबंधाची विचारणा गृहीत होती. आता एका अनोळखी माणसाकडे याचा पत्ता आहे, आणि यजमानाने कशाला होकार दिला, याविषयी दोघांची समजूत निराळी आहे.

धोका इथे सुरू होतो. अशा ओळखीतून बोलावून घेऊन लुबाडण्याचे आणि घरी कळवण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचे प्रकार भारतातील अनेक शहरांत पोलिसांपर्यंत गेले आहेत. प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेणारा आणि समोरचा खोटे बोलत असेल असे चटकन मनात न येणारा माणूस त्यात लवकर सापडतो. पहिल्या भेटीआधीच रिक्षाभाड्यासाठी किंवा आजारपणासाठी पैसे मागणे, चेहरा न दाखवता समोरच्याची छायाचित्रे मागणे, ठरलेली सार्वजनिक जागा ऐनवेळी बदलून आडबाजूला बोलावणे, या खुणा पाठ करून ठेवता येतात. स्वमग्न व्यक्तीला ‘सावध राहा’ या सल्ल्यापेक्षा असे नेमके नियम अधिक उपयोगी पडतात. प्रौढांमधील संमतीचा समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा राहिलेला नाही, त्यामुळे ‘पोलिसांत देईन’ ही धमकी पोकळ असते. खंडणी मागणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे, आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवता येते.

त्याच तरुणाची दुसरी भेट वेगळ्या रीतीने होऊ शकते. तो आधीच लिहितो: ‘मला स्वमग्नता आहे. मी डोळ्यांत पाहत नाही, पण ऐकत असतो. सूचक बोललेले मला कळत नाही, जे हवे ते सरळ विचार. पहिल्या भेटीत स्पर्श नको.’ भेटीसाठी तो गजबजलेल्या उपाहारगृहाऐवजी भंवरताल उद्यान निवडतो, तेही सुटीच्या दिवशी सकाळी, कामाच्या पाळीनंतर नव्हे. शेजारी शेजारी चालताना नजर मिळवावी लागत नाही, भांड्यांचा खणखणाट नसतो आणि निघावेसे वाटल्यास निघता येते. तासाभराची वेळ आधी ठरलेली असल्याने ‘आता उठायचे कधी’ हा प्रश्नही उरत नाही. असा संदेश वाचून काहीजण उत्तर देणे बंद करतील, हे खरे. पण ती गळती भेटीनंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली मांडलेला विचार येथे लागू पडतो. समजून घेण्यातील उणीव केवळ स्वमग्न व्यक्तीची नसते, ती दोन्ही बाजूंची असते, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘प्लेस?’ या एका शब्दात सगळे काही आले, असे मानणाऱ्यानेही पुरेसे सांगितलेले नव्हते.

स्पर्शाची भाषा

जवळीक निर्माण झाल्यावर संवेदनांचा प्रश्न पुढे येतो. काही स्वमग्न व्यक्तींना हलका, फिरता स्पर्श जवळजवळ वेदनेसारखा जाणवतो, तर घट्ट मिठीचा स्थिर दाब शांत करतो. अत्तराचा वास, दाढीचे खुंट, पंख्याची घरघर यांपैकी एखादी गोष्ट सारे लक्ष खाऊन टाकते. जोडीदाराला तो आपला नकार वाटतो, आणि गैरसमज वाढतो. संमतीच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. संवेदनांचा मारा असह्य झाला की काहींची वाचा बंद होते. त्या क्षणी ‘नको’ म्हणता येत नाही. म्हणून हाताने दोनदा थोपटणे यासारखी थांबण्याची खूण आधीच ठरवावी लागते, आणि उत्तर आले नाही तर तो नकारच समजावा लागतो.

डॉक्टर आणि कायदा

वैद्यकीय पातळीवर सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो ‘हे स्वमग्नतेमुळेच आहे’ या निष्कर्षाने. एखाद्या विषयाचा ध्यास घेणे हे स्वमग्नतेचे लक्षण असल्याने लिंगभावाविषयीचे बोलणेही तसाच एक ध्यास ठरवले जाते. अमेरिकेतील जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्वमग्नता आहे एवढ्यावरून कोणाचा लिंगभाव नाकारू नये, तपासणीला मात्र अधिक वेळ द्यावा, असे सांगितले आहे. ‘उपचार’ करून कल बदलून देण्याचा दावा करणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावे. समलैंगिकता हा आजार नसल्याचे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने 2018 मध्ये स्पष्ट केले, आणि अशी तथाकथित रूपांतर-चिकित्सा ही व्यावसायिक गैरवर्तणूक असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले.

कायद्यातील गाठ अधिक अवघड आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती 18 वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. पालकाची गरज खरोखर आहे का आणि कोणत्या कामापुरती, हे समितीने पाहायचे असते. त्यामुळे मुलाचा कल कळल्यावर घाईने केलेल्या अर्जात हा मुद्दा समितीपुढे मांडता येतो. आईवडिलांनंतर काय, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. पालकत्वासाठी अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकतात, आणि कायद्यातील नातेवाईक रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकविधानाने जोडलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. परिणामी दहा वर्षे सोबत राहिलेला, कोणता आवाज सहन होत नाही आणि कोणती खूण म्हणजे ‘थांब’ हे नेमके जाणणारा जोडीदार या व्याख्येत बसत नाही. दूरचा चुलतभाऊ बसतो.