तारेची लांबी व स्वराची उंची : घरगुती एकतारीवरील प्रयोग

फळीच्या एका टोकास बांधलेली पोलादी तार दुसऱ्या टोकावरून खाली सोडून तिला वजन टांगले, म्हणजे ताण कायम राहून सरकत्या घोडीने केवळ लांबी बदलता येते. ६० सेंमी. लांबीस षड्ज मानल्यास ४० सेंमी.वर पंचम व ३० सेंमी.वर तारषड्ज लागतो. कारण कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते; हा नियम मेर्सेन या फ्रेंच पंडिताने १६३६ मध्ये ग्रंथबद्ध केला. घोडी वाजवीपेक्षा उंच असल्यास मात्र टोकावरील घर्षणामुळे तार अधिक ताणली जाऊन स्वर चढा लागतो. हा दोष ओळखण्याची उत्तम रीत अशी, की घोडी काढून मध्यबिंदूस बोट अलगद टेकवून तार छेडावी आणि निघालेल्या शुद्ध तारषड्जाशी घोडीवरील स्वर ताडून, दोन्ही जुळेपर्यंत घोडी घासावी.