कोळ्याचे रेशीम

कोळ्याचे रेशीम म्हणजे कोळी या अष्टपाद प्राण्याने आपल्या पोटातील ग्रंथींमध्ये तयार केलेल्या द्रव प्रथिनापासून ओढून काढलेला घन तंतू होय. जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या शरीरात अशा ग्रंथींचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकारचा तंतू वेगळ्या कामाचा असतो. एक तंतू जाळ्याच्या चिकट वलयासाठी, एक अंड्यांच्या कोशासाठी, तर एक भक्ष्य गुंडाळण्यासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेख मुख्यतः आधारतंतूविषयी आहे. कोळी चालताना किंवा उंचावरून खाली उतरताना जो धागा मागे सोडत जातो आणि ज्याच्यावर जाळ्याची चौकट व अरे उभे असतात, तो हा तंतू. बळकटीबद्दल कोळ्याच्या रेशमाची जी ख्याती आहे, ती याच तंतूमुळे.

हा तंतू 'पोलादाहून बळकट' असल्याचे सर्रास लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे खरे नाही. सारख्याच जाडीचे धागे घेतले तर उत्तम प्रतीची पोलादी तार कोळ्याच्या तंतूहून काहीशी अधिक भार पेलते. तुलना सारख्या वजनाच्या धाग्यांची केली, तरच तंतू पोलादाच्या बराच पुढे जातो.

ग्रंथी आणि द्रव प्रथिन

आधारतंतू तयार करणाऱ्या ग्रंथींची जोडी कोळ्याच्या पोटात असते. प्रत्येक ग्रंथीचे तीन भाग पडतात. मागे लांब, नागमोडी शेपटीसारखा भाग असतो, मध्ये फुगीर पिशवी असते आणि पुढे निमुळती होत जाणारी नळी असते. शेपटीच्या भिंतीतील पेशी प्रथिन स्रवतात व ते पिशवीत साठते. या प्रथिनांना स्पिड्रॉइन असे नाव आहे. अमेरिकेतील एका सोनेरी जाळ्याच्या कोळ्याच्या आधारतंतूतील स्पिड्रॉइनची रचना जनुकाच्या अभ्यासातून १९९० मध्ये प्रथम अंशतः उलगडली.

स्पिड्रॉइनचा रेणू फार लांब असतो. त्याच्या साखळीत तीन हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात आणि तीच ती मांडणी शंभराच्या आसपास वेळा पुन्हा येते. एका तुकड्यात अ‍ॅलानिन हे लहान अमिनो आम्ल सहा-आठ वेळा सलग येते. पुढच्या तुकड्यात ग्लायसिनचे प्रमाण मोठे असते. मग पुन्हा अ‍ॅलानिन, पुन्हा ग्लायसिन, असा क्रम चालतो. साखळीच्या दोन्ही टोकांना मात्र पुनरावृत्ती नसलेला, स्वतंत्र घडीचा एकेक लहान भाग असतो. तंतूची बळकटी मधल्या पुनरावृत्त भागातून येते, तर तो योग्य वेळी आणि योग्य जागी घट्ट होणे बरेचसे या दोन टोकांवर अवलंबून असते.

पिशवीतील द्रावणात प्रथिनाचे प्रमाण ३० ते ५० टक्के इतके असते. प्रयोगशाळेत बहुतेक प्रथिने एवढ्या दाट द्रावणात गोळा होऊन खाली बसतात आणि मग ती पुन्हा विरघळवता येत नाहीत. कोळ्याच्या पिशवीत मात्र हे द्रावण द्रवरूपातच टिकून राहते. पिशवीतच ते गोठले, तर ग्रंथी कायमची तुंबेल. नळीत ते वेळेवर गोठले नाही, तर धागाच तयार होणार नाही. रेशीम निर्माण करण्यातील खरी अडचण ही आहे.

द्रवाचा तंतू होताना

पिशवीपासून नळीच्या टोकापर्यंतच्या प्रवासात द्रावणावर एकाच वेळी अनेक गोष्टींचा परिणाम होतो. पहिली गोष्ट आम्लतेची. ग्रंथीच्या आरंभी सामू साधारण ७.६ असतो आणि नळीत तो ५.७ पर्यंत उतरतो. नळीच्या भिंतीतील कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर हा उतार घडवून आणते. मानवी रक्तातही कार्बन डायऑक्साइडच्या वहनासाठी हेच विकर काम करते. सामू उतरताच स्पिड्रॉइनच्या एका टोकाचे लहान भाग जोडीजोडीने एकमेकांना घट्ट पकडतात. दुसऱ्या टोकाचे भाग आधीपासूनच जोडलेले असतात. त्यामुळे सुट्या साखळ्यांचे एकमेकींत गुंतलेले अखंड जाळे तयार होते. याच वेळी द्रावणातील सोडियम व क्लोराइड कमी होतात, पोटॅशियम व फॉस्फेट वाढतात आणि पाणी काढून घेतले जाते.

दुसरी गोष्ट ओढ. नळी पुढे अरुंद होत गेल्याने द्रावणाचा वेग वाढतो व साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होऊ लागतात. अखेरीस पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या, बोटांसारख्या लहान तंतुजनक उपांगांतून धागा बाहेर येतो. तो पिचकारीतून पाणी उडावे तसा आतून ढकलला जात नाही, तर बाहेरून ओढला जातो. कोळी धाग्याचे टोक कुठेतरी चिकटवून पुढे चालतो, स्वतःच्या वजनाने खाली उतरतो किंवा मागच्या पायाने धागा खेचतो. या ओढीमुळे साखळ्या तंतूच्या लांबीला समांतर बसतात, उरलेले पाणी निघून जाते आणि घन तंतू तयार होतो. एकदा घट्ट झालेला हा तंतू साध्या पाण्यात पुन्हा विरघळत नाही. तो तयार होताना ना उष्णता लागते ना कोणते जहाल रसायन. केव्हलारचा धागा काढण्यासाठी मात्र तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरावे लागते.

ओढण्याचा वेग बदलला की तंतूही बदलतो. वेगाने ओढलेला तंतू अधिक ताठ व बळकट असतो, पण कमी ताणतो. म्हणून एकाच कोळ्याच्या दोन धाग्यांचीही मोजमापे तंतोतंत जुळत नाहीत आणि पुढे दिलेले आकडे सरासरी म्हणूनच घ्यावयाचे आहेत.

बळकटीचे कारण

तंतूमध्ये अ‍ॅलानिनचे तुकडे एकमेकांशेजारी रचले जाऊन काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिक बनवतात. यांत साखळ्या कागदाच्या घड्यांप्रमाणे थरावर थर बसतात आणि शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडल्या जातात. ग्लायसिनचे तुकडे या स्फटिकांच्या मध्ये सैल, गुंतलेल्या स्थितीत राहतात. प्रत्येक साखळी अनेक स्फटिकांतून व अनेक सैल भागांतून जात असल्याने संपूर्ण तंतू एकजीव राहतो.

हायड्रोजन बंध एकेकटा फार दुबळा असतो. तरीही त्याच्यावर उभा असलेला तंतू बळकट असतो, याचे एक स्पष्टीकरण स्फटिकांच्या लहानपणात आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानुसार, स्फटिक दोन ते चार नॅनोमीटरचे असतील तर त्यातील बंध एकत्रितपणे भार उचलतात आणि काही तुटले तरी साखळी किंचित सरकून नवे बंध जुळतात. स्फटिक मोठे झाले की ते वाकतात, भार काही बंधांवरच एकवटतो आणि ते एकामागून एक तुटतात.

तंतूवर ताण आला की प्रथम तो ताठ राहतो. काही टक्के ताणल्यावर सैल भागांतील बंध सुटू लागतात आणि गुंतलेल्या साखळ्या उलगडत जातात. त्या पुरत्या सरळ झाल्या की भार स्फटिकांवर येतो व तंतू पुन्हा ताठ होतो. सैल भाग उलगडताना ऊर्जेचा मोठा वाटा उष्णतेत रूपांतरित होतो. माशी जाळ्यावर आदळली असता जाळे रबरासारखे उसळून तिला परत फेकत नाही, याचे कारण हेच.

एक उदाहरण

पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस असलेला अ‍ॅरेनियस डायडेमॅटस हा कोळी युरोपातील बागांत आढळतो. त्याच्या आधारतंतूचे ताणबल सुमारे १.१ गिगापास्कल आहे, तर उत्तम पोलादी तारेचे १.५. तंतूची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट, तर पोलादाची ७.८ पट असते.

समजा, अर्धा ग्रॅम वजनाची मादी आधारतंतूला लटकली आहे. आधारतंतू सहसा दोन धाग्यांचा असतो. प्रत्येक धाग्याची जाडी तीन मायक्रोमीटर धरली, तर हे दोन धागे मिळून सुमारे १.६ ग्रॅम भार पेलू शकतात, म्हणजे मादीच्या वजनाच्या तिप्पट. असा एक किलोमीटर लांबीचा आधारतंतू अवघा १८ मिलिग्रॅम भरेल. आता तेवढ्याच लांबीची व तेवढ्याच वजनाची पोलादी तार घेतली, तर पोलाद जड असल्याने तिचा छेद तंतूच्या एक-षष्ठांश इतकाच उरतो. ती जेमतेम ०.३६ ग्रॅम भार पेलेल. मादीच्या अर्ध्या ग्रॅम वजनाने ती तुटेल.

मात्र हीच मादी पूर्ण लांबीच्या सैल धाग्यानिशी सरळ खाली पडली, तर तिप्पट बळाचा तंतूही पुरणार नाही. पडण्याच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे पाच मिलिज्यूल ऊर्जा शोषावी लागते आणि तंतूचा एक मीटर तुटण्यापूर्वी दोन मिलिज्यूलपेक्षा थोडीच अधिक ऊर्जा शोषतो. म्हणून कोळी पडताना नवा धागा सोडत राहतो आणि बाहेर येणाऱ्या धाग्यावरील घर्षणाने स्वतःचा वेग आवरतो.

चिवटपणा आणि मर्यादा

नुसत्या बळात केव्हलार आधारतंतूच्या तिप्पट आहे व वजनाच्या हिशेबातही तो पुढेच राहतो. परंतु केव्हलार तीन टक्क्यांच्या आतच ताणून तुटतो, तर आधारतंतू पंचवीस टक्क्यांहून अधिक ताणतो. त्यामुळे तुटण्यापूर्वी शोषलेली ऊर्जा, अर्थात चिवटपणा, आधारतंतूत प्रति घनमीटर सुमारे १६० मेगाज्यूल, केव्हलारमध्ये ५० आणि पोलादात सहा इतकी असते. मादागास्करमध्ये नद्यांवर जाळी ताणणाऱ्या कॅरोस्ट्रिस डार्विनाय या कोळ्याच्या तंतूत ती सरासरी ३५० मेगाज्यूल आढळली आहे.

पाण्याचा या तंतूवर विपरीत परिणाम होतो. मोकळा आधारतंतू भिजला की सैल भागांतील बंध सुटतात आणि तो आखडून जवळजवळ निम्म्या लांबीचा होऊ शकतो. जाळ्यात दोन्ही टोके बांधलेली असल्याने तो आखडू शकत नाही, पण त्याच्यात ताण निर्माण होतो. दोरखंड किंवा टाक्यांचा धागा म्हणून या रेशमाचा वापर करावयाचा झाल्यास हा गुण अडचणीचा ठरतो.

कृत्रिम निर्मिती

कोळी एकमेकांना खातात, त्यामुळे रेशीमकिड्यांप्रमाणे त्यांचे सामूहिक पालन जमत नाही. मादागास्करमधील कोळ्यांच्या रेशमापासून २००९ मध्ये एक वस्त्र विणले गेले. त्यासाठी दहा लाखांहून अधिक कोळी रानातून पकडून, त्यांचा धागा काढून, पुन्हा सोडून द्यावे लागले.

म्हणून स्पिड्रॉइनचे जनुक जिवाणूंत व इतर सजीवांत घालण्याचे प्रयत्न झाले. जिवाणूंना एवढी लांब व एकसुरी साखळी सहजी बनवता येत नाही, कारण एकट्या ग्लायसिनचाच पुरवठा अपुरा पडतो. साखळी आखूड ठेवली तर धागा दुबळा होतो. २०१० मध्ये जिवाणूंमधील ग्लायसिनचा पुरवठा वाढवून जवळपास पूर्ण लांबीची साखळी मिळवण्यात आली, तरी तिच्या धाग्याचे बळ सुमारे ०.५ गिगापास्कल, म्हणजे मूळ तंतूच्या निम्म्याच्या आसपास भरले. २०१७ मध्ये नेमका उलटा मार्ग घेतला गेला. साखळी मुद्दाम आखूड ठेवली, पण तिची दोन्ही टोके राखली आणि दाट द्रावण बारीक नळीतून आम्लधर्मी पाण्यात सोडले. सामू उतरताच धागा आपोआप तयार झाला. तो मूळ तंतूच्या मानाने बराच दुबळा होता, पण जहाल द्रावकांची गरज त्यात उरली नाही.