न झालेले लग्न

माळव्यातल्या धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांत मराठी घराण्यांच्या पिढ्या नांदल्या. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क ही महाराष्ट्रातल्या अनेक कुळांची रीत. शेजारच्या माळवी आणि रजपूत घरांत मात्र मामेबहीण ही बहीणच. लग्न शून्य ठरवणाऱ्या कायद्यात शिरायला यापेक्षा चांगले दार मला दिसत नाही.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा भाऊ-बहिणीच्या मुलांमधले लग्न निषिद्ध नात्यात धरतो. दोघांनाही लागू असलेल्या रूढीला ते मान्य असेल, तरच सूट मिळते. आता एक कल्पित कुटुंब घेऊ. देवासच्या मराठा तरुणाची आई स्थानिक रजपूत घरातली आहे आणि त्याने मामाच्या मुलीशी लग्न केले. त्याच्या कुळात रीत आहे, मुलीच्या कुळात नाही. सूट दोघांच्या रूढीवर अवलंबून असल्याने ती इथे मिळत नाही आणि लग्न कलम ११ खाली शून्य ठरते. थाटात सप्तपदी झाली, दहा वर्षे संसार झाला, तरी हा दोष भरून निघत नाही. दोघांचीही कुळे मराठा असती, तरी ‘आमच्यात चालते’ एवढ्याने भागले नसते. पूर्वी झालेली अशी लग्ने, जाणत्यांच्या साक्षी, अखंड चालत आलेली वहिवाट, हे सारे रूढी सांगणाऱ्यालाच शाबीत करावे लागते.

घटस्फोट इथे का नको? कारण घटस्फोट वैध लग्न मोडतो आणि तो सहसा लग्नानंतर घडलेल्या गोष्टींवर मागतात: क्रूरता, त्याग, व्यभिचार. इथला दोष मांडवातच होता. म्हणूनच घटस्फोटाच्या अर्जाआधी साधारणपणे थांबावे लागणारे एक वर्षही इथे लागू नाही.

कलम १२ मधली शून्यकरणीय लग्ने शून्य लग्न आणि घटस्फोट या दोहोंच्या मधली. समजा, धारच्या मुलीची संमती नवऱ्याबद्दलची एखादी महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली. तिने न्यायालयात जाऊन हुकूम मिळवेपर्यंत ते लग्न वैधच असते. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा आणि कळल्यावर तिने राजीखुशीने संसार केलेला नसावा. ‘थोडे सांभाळून घे’ म्हणणारे वडीलधारे नेमका हाच हक्क घालवतात, हे मला फार खटकते.

शून्य लग्नाला हुकमाची गरज नसते. तरीही न्यायालयाकडून तसा हुकूम मागणेच शहाणपणाचे, कारण पुढचे लग्न, वारसा आणि सरकारी कागद यांत तोच उपयोगी पडतो. मुलांना कलम १६ औरस मानते, पण हक्क देते तो आईवडिलांच्या मालमत्तेत. पोटगीचा प्रश्न मात्र बराच काळ वादात होता. १९८८ मध्ये, पहिली पत्नी हयात असताना झालेल्या लग्नातल्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी नाकारली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विवाह कायद्याच्या कलम २५ खाली शून्य लग्नातही ती देता येईल, असे ठरवले. ती द्यायची की नाही, हे दोघांचे वर्तन आणि परिस्थिती पाहून न्यायाधीशच ठरवतात.