अदत्त व पूर्वदत्त खर्चांची वर्षअखेरची पडताळणी

अदत्त व पूर्वदत्त खर्चांची पडताळणी म्हणजे हिशेबी वर्ष संपताना खर्चांविषयी केलेल्या समायोजना योग्य आहेत की नाहीत, हे मूळ कागदपत्रांवरून तपासण्याची प्रक्रिया होय. ज्या सेवेचा लाभ वर्षात घेतला, पण जिचे पैसे वर्षअखेरपर्यंत दिले गेले नाहीत, तो अदत्त खर्च. ज्या सेवेचे पैसे वर्षात दिले, पण जिचा लाभ पुढील वर्षात मिळणार आहे, तो पूर्वदत्त खर्च. पहिला ताळेबंदात देयता म्हणून, तर दुसरा मालमत्ता म्हणून दाखवला जातो. दोन्ही समायोजना उपार्जन संकल्पनेतून येतात. पैसे केव्हा दिले यापेक्षा खर्च कोणत्या काळाचा आहे, याला ही संकल्पना महत्त्व देते. भारतातील कंपन्यांनी हिशेब याच पद्धतीने ठेवावेत, असे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ मध्ये म्हटले आहे.

बोलीभाषेत अदत्त खर्चाच्या नोंदीलाही सर्रास ‘प्रोव्हिजन’ म्हटले जाते. लेखा मानकांत मात्र फरक आहे. तरतुदीत देण्याची रक्कम किंवा वेळ बरीच अनिश्चित असते, तर अदत्त खर्चात सेवा मिळालेली असते आणि बहुधा केवळ बिल यायचे असते.

== तपासणीची दिशा ==

पूर्वदत्त खर्च आणि अदत्त खर्च एकाच पद्धतीने तपासता येत नाहीत. पूर्वदत्त खर्चाची रक्कम पुस्तकात लिहिलेली असते, त्यामुळे धोका असतो तो ती फुगलेली असण्याचा. म्हणून तेथे पुस्तकातील नोंदीपासून सुरुवात करून विमापत्र, भाडेकरार किंवा वार्षिक देखभाल करार यांच्याकडे जायचे असते. करारावरील मुदतीचे दिवस मोजले आणि भरलेली रक्कम पाहिली, की किती भाग शिल्लक आहे ते ठरते.

अदत्त खर्चात मुख्य धोका उलट असतो, तो नोंद मुळीच न झाल्याचा. खतावणी कितीही बारकाईने वाचली तरी जी नोंद झालीच नाही ती तेथे सापडणार नाही. म्हणून तपासणी पुस्तकाबाहेरून सुरू होते. हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर एप्रिल आणि मे महिन्यांतील बँक विवरण, त्या काळात नोंदलेली बिले, अद्याप न नोंदलेल्या बिलांची फाईल आणि माल आवक नोंदवही चाळली जाते. प्रत्येक मोठ्या रकमेबाबत एकच प्रश्न विचारायचा असतो : हे काम कधी झाले? बिलाची तारीख हे त्याचे उत्तर नसते. काम पूर्ण झाल्याचा अहवाल, हजेरीपट किंवा मीटरवाचनाची तारीख यांवरून ते मिळते.

याच्या जोडीला प्रत्येक नियमित खर्चाचा बारा महिन्यांचा तक्ता करण्याची पद्धत आहे. भाडे, वीज, दूरध्वनी, सुरक्षा सेवा यांच्या रकमा महिन्यांनुसार एका ओळीत मांडल्या, की एखाद्या वर्षात भाडे अकराच वेळा किंवा तेरा वेळा आले असल्यास ते लगेच दिसते. तक्त्यात महिना म्हणजे सेवेचा महिना घ्यावा. पैसे दिल्याचा महिना घेतल्यास तक्ता नीटनेटका दिसतो, पण काहीच सांगत नाही.

== उदाहरण ==

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. तीन समान भागीदारांच्या एका मुद्रणालयाचे वर्ष ३१ मार्च २०२५ रोजी संपते. त्याच दिवशी एक भागीदार निवृत्त होत असून त्या तारखेपर्यंतच्या नफ्यातील हिस्सा त्याला द्यायचा आहे. सोयीसाठी वस्तू व सेवा कर बाजूला ठेवला आहे.

विम्यापासून सुरुवात करू. यंत्रांचा विमा दरवर्षी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा असतो. यंदाचा हप्ता ₹७३,००० असून मुदत ३६५ दिवसांची आहे, म्हणजे दिवसाला ₹२०० पडतात. ३१ मार्चनंतर १२२ दिवस उरतात, म्हणून ₹२४,४०० पूर्वदत्त. लेखापालाने ही रक्कम बरोबर काढली होती. परंतु गेल्या वर्षीच्या विम्याचेही १२२ दिवस १ एप्रिल २०२४ नंतर उरलेले होते. तेव्हाचा हप्ता ₹६५,८८० होता आणि त्या मुदतीत २९ फेब्रुवारी २०२४ आल्यामुळे दिवस ३६६ होते, म्हणजे दिवसाला ₹१८०. त्यानुसार ₹२१,९६० ची आरंभीची शिल्लक यंदाच्या विमाखर्चाला नावे टाकायला हवी होती, आणि ती तशीच राहून गेली.

परिणामी पूर्वदत्त विमा खात्यावर ₹४६,३६० दिसत होते, तर हातातील विमापत्र केवळ ₹२४,४०० चा आधार देत होते. बाकीचा विमा आठ महिन्यांपूर्वीच संपलेला होता. विमाखर्चही ₹४८,६०० म्हणजे केवळ २४३ दिवसांचा झाला होता. वर्षाचा योग्य खर्च असा निघतो : आरंभीचे पूर्वदत्त ₹२१,९६० अधिक भरलेला हप्ता ₹७३,००० वजा अखेरचे पूर्वदत्त ₹२४,४००, म्हणजे ₹७०,५६०. उलटतपासणीसाठी १२२ दिवस ₹१८० ने आणि २४३ दिवस ₹२०० ने मोजले तरी हाच आकडा येतो. दोन्ही मिळून ३६५ दिवस भरतात, हीच या तपासणीची खूण. विद्यार्थ्यांच्या गणितांत अखेरच्या समायोजनेवर भर असतो, प्रत्यक्षात मात्र आरंभीची शिल्लक उलटवायची राहणे ही अतिशय नेहमीची चूक आहे.

विजेच्या बाबतीत आरंभीची नोंद योग्य रीतीने उलटवलेली होती. एप्रिलमध्ये आलेले बिल ६ मार्च ते ५ एप्रिल या ३१ दिवसांचे होते आणि रक्कम ₹३१,००० होती. लेखापालाने ते पूर्ण बिल मार्चअखेरचे अदत्त धरले. त्यांपैकी ३१ मार्चपर्यंतचे दिवस २६ च असल्याने ₹२६,००० हीच अदत्त रक्कम ठरते. ₹५,००० खर्च जास्त दाखवला गेला होता. दिवसांच्या प्रमाणात विभागणी हा अर्थातच अंदाज आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छपाई बंद असती, तर ३१ मार्चचे मीटरवाचन पाहणे अधिक योग्य झाले असते.

एप्रिलच्या बँक विवरणात यंत्रदुरुस्ती कारागिराला ₹४२,००० दिल्याचे आढळले. बिल ११ एप्रिलचे होते आणि एप्रिलच्याच खर्चात गेले होते. मात्र बिलासोबत जोडलेल्या कामाच्या अहवालावर २३ मार्च ही तारीख आणि मुद्रणालयाच्या पर्यवेक्षकाची सही होती. काम मार्चमध्ये पूर्ण झाले, म्हणून खर्च २०२४-२५ चाच. ही रक्कम मार्चअखेरच्या पुस्तकात कोठेच नव्हती.

चौथी बाब याच्या नेमकी उलट होती. १ एप्रिल २०२५ पासून सुरू होणाऱ्या देखभाल कराराचे ₹३६,००० चे बिल २८ मार्चला आले आणि लेखापालाने ते मार्चच्या खर्चात टाकून पुरवठादाराच्या खात्यात जमा केले. पैसे दिलेले नव्हते आणि सेवाही सुरू झालेली नव्हती. अशा वेळी खर्च काढून ती रक्कम पूर्वदत्त दाखवण्याचा मोह होतो. परंतु न दिलेल्या पैशांना पूर्वदत्त म्हणणे म्हणजे ताळेबंदाच्या दोन्ही बाजू उगीच फुगवणे होय. येथे खर्च आणि देणे दोन्ही काढून टाकणे अधिक योग्य.

== एकत्रित परिणाम ==

विमा आणि दुरुस्ती यांमुळे खर्च ₹६३,९६० ने कमी दाखवला गेला होता, तर वीज आणि देखभाल करार यांमुळे ₹४१,००० ने जास्त. निव्वळ फरक ₹२२,९६० एवढाच दिसतो आणि नफा तितक्याने वाढलेला असतो. पण चुकांची एकूण बेरीज ₹१,०४,९६० आहे. चुका एकमेकींना झाकतात, म्हणून केवळ निव्वळ फरक पाहून थांबणे धोक्याचे असते. देखभाल कराराची चूक तेवढी सापडून दुरुस्त झाली असती, तर नफा प्रत्यक्षाहून ₹५८,९६० ने जास्त दिसला असता, म्हणजे पुस्तके अधिकच चुकीची झाली असती.

अशा चुका पुढील वर्षात आपोआप भरून निघतात, असे नेहमी म्हटले जाते. मार्चमध्ये न धरलेली दुरुस्ती एप्रिलमध्ये खर्ची पडतेच, त्यामुळे दोन वर्षांची बेरीज बरोबर येते, हे खरे. मात्र ज्याला पुढील वर्षात वाटा नाही, त्याच्या बाबतीत हे समाधान उपयोगी पडत नाही. वरील मुद्रणालयात निवृत्त भागीदाराला नफ्याचा सुमारे ₹७,६५३ इतका जादा हिस्सा गेला असता आणि पुढील वर्षी तेवढा बोजा उरलेल्या दोघांनी उचलला असता. शिवाय सर्वच चुका आपोआप भरून निघत नाहीत. न उलटवलेला जुना विमा कोणी शोधून काढेपर्यंत वर्षानुवर्षे मालमत्तेत पडून राहू शकतो. पूर्वदत्त खात्याची शिल्लक दोन वर्षे रुपयाअगदी सारखी असणे, हे त्याचे सर्वांत सोपे लक्षण आहे.

== अंदाज आणि मर्यादा ==

बिल आलेले नसेल तेव्हा अदत्त खर्च अंदाजाने लिहावा लागतो. हिशेबांना मंजुरी मिळण्यापूर्वी प्रत्यक्ष बिल आले, तर अंदाजाच्या जागी ती रक्कम घेतली जाते, कारण ३१ मार्चला असलेल्या स्थितीविषयीचा तो अधिक चांगला पुरावा असतो. ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या अशा घटनांचा विचार भारतीय लेखा मानक पद्धतीत लेखा मानक ४ मध्ये केलेला आहे. मंजुरीनंतर कळलेला फरक सामान्यतः अंदाजातील बदल मानून पुढील वर्षात घेतला जातो. पण बिल त्याआधीच कार्यालयात येऊन पडले असेल आणि कोणी पाहिले नसेल, तर तो अंदाजातील बदल न राहता चूक ठरते.

नुसती मागणी नोंदवल्याने अदत्त खर्च निर्माण होत नाही. मार्चमध्ये मागवलेला आणि ४ एप्रिलला पोहोचलेला कागद ३१ मार्चच्या देण्यांत येत नाही, मात्र माल वाटेत असताना त्याची मालकी कोणाकडे होती हे खरेदीच्या अटींवरून पाहावे लागते.

एप्रिल-मेचे व्यवहार चाळण्यालाही मर्यादा आहे. पुरवठादाराने बिल ऑगस्टमध्ये पाठवले, तर या चाळणीत ते सापडत नाही. वकील, वास्तुविशारद, मालवाहतूकदार अशा उशिरा बिल देणाऱ्यांना म्हणूनच थेट विचारले जाते, किंवा मार्चमध्ये त्यांचे कोणते काम सुरू होते हे संबंधित विभागप्रमुखांकडून लेखी घेतले जाते. टपाल, वर्तमानपत्रे यांसारखे किरकोळ आणि दरवर्षी सारखेच येणारे खर्च बहुतेक संस्था मुद्दाम समायोजनेबाहेर ठेवतात. त्यासाठी रकमेची मर्यादा आधी ठरवून ती दरवर्षी तीच पाळावी लागते. नफा पाहून ती बदलता येत नाही.