तळटीप : ‘खांद्यावर थाप’ या उल्लेखाविषयी

* मूळ मजकुरातील वरणगावच्या प्रसंगात एक कर्णबधिर गृहस्थ दुसऱ्याच्या खांद्यावर थाप मारून नमस्कार करतात. ऐकू येणाऱ्या वाचकाला हे उद्धट वाटेल, पण तसे ते नाही. सांकेतिक भाषा डोळ्यांनी ऐकली जाते. समोरच्याची नजर मिळण्यापूर्वी केलेला नमस्कार पोहोचतच नाही. म्हणून लक्ष वेधणे हा अभिवादनाचाच पहिला भाग ठरतो, आणि त्याचे नियम आहेत. माणूस हाताशी असेल तर खांद्यावर किंवा दंडावर दोनदा हलके थोपटावे. डोक्यावर किंवा पाठीत नव्हे. लांब असेल तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात हात हलवावा. खोलीत अनेक जण असतील तर दिवा एकदोनदा बंद-चालू करावा. सतत लुकलुकवला तर संकटाची सूचना वाटते. पाय आपटणे लाकडी माडीवर चालते, कारण कंप पोहोचतो. शहाबादी फरशीवर किंवा मातीच्या अंगणात ते फुकट जाते.

यावर आक्षेप असा की, खानदेशातल्या गावात परक्या स्त्रीला किंवा वडीलधाऱ्याला स्पर्श करणे शोभत नाही. तो रास्त आहे. पण अशा वेळी समोरून येऊन हात हलवता येतो, किंवा शेजारच्याला खूण करून निरोप देता येतो. बोलणाऱ्याचे हात धरणे मात्र कधीही योग्य नाही. ते त्याचे तोंड दाबण्यासारखे आहे. दोघे खुणांनी बोलत असताना मधून जावे लागले, तर न थांबता चटकन जावे.

— संपादक